संकलन केंद्रावर मिथिलीन ब्ल्यू चाचणी: रंग उडण्याच्या वेळेवरून खराब कॅनपर्यंत

केंद्रावर दूध आलं की फॅट आणि एसएनएफ काही मिनिटांत कळतं. वास घेऊन आणि चमचाभर दूध उकळून पाहिलं तर फाटायला आलेला कॅनही तिथल्या तिथे सापडतो. पण ज्या दुधात जंतू भरपूर वाढलेत आणि आम्लता मात्र अजून वाढलेली नाही, ते दूध या सगळ्या तपासण्यांतून सुटतं. चवीला गोड असतं, उकळल्यावर फाटत नाही, आणि टँकरमध्ये गेल्यावर चांगल्या दुधालाही सोबत नेतं. असं दूध ओळखण्यासाठी मिथिलीन ब्ल्यू रिडक्शन टेस्ट, म्हणजे एमबीआरटी, आजही उपयोगी आहे. लागतं काय, तर निळा रंग, परीक्षानळ्या, 37 अंशांचं पाणी आणि घड्याळ.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट हवी. या चाचणीचं उत्तर काही तासांनी येतं आणि तोवर सकाळचं दूध एकत्र होऊन गेलेलं असतं. त्यामुळे आजचा कॅन परत पाठवायला ती उपयोगाची नाही. दारातच निर्णय हवा असेल तर रिसाझुरीनची दहा मिनिटांची चाचणी वेगळी आहे. एमबीआरटीने कळतं ते हे, की उद्या कोणाच्या गोठ्यावर जायचं आणि तिथे नेमकं काय पाहायचं. मी ती याच कामासाठी वापरतो, आणि पुढचं सगळं त्याच हिशेबाने लिहिलं आहे.

रंग का उडतो

ताज्या दुधात हवेतला ऑक्सिजन विरघळलेला असतो. दुधातले जंतू वाढताना आधी तो संपवतात. ऑक्सिजन संपत आला की दुधाची रासायनिक स्थिती बदलते, जंतूंच्या चयापचयातले इलेक्ट्रॉन मिथिलीन ब्ल्यूकडे जातात आणि निळा रंग बिनरंगी रूपात बदलतो. दूध पुन्हा पांढरं दिसतं. जंतू जितके जास्त आणि जितके चपळ, तितकी ही वेळ कमी.

म्हणजे ही चाचणी जंतू मोजत नाही, ते ऑक्सिजन किती लवकर संपवतात ते मोजते. हे लक्षात असलं की कृतीतली प्रत्येक अट का आहे ते आपोआप कळतं. बिनरंगी झालेल्या रंगाला हवा मिळाली की तो पुन्हा निळा होतो. म्हणून नळी खदाखदा हलवायची नाही, आणि वरच्या पृष्ठभागाशी निळी कड उरली तर तिला घाबरायचं नाही. उजेडानेही रंग उडतो, त्यात जंतूंचा काही संबंध नसतो. म्हणून नळ्या अंधारात ठेवायच्या.

रंगाचं द्रावण

यासाठी मिथिलीन ब्ल्यू थायोसायनेटच्या प्रमाणित गोळ्या मिळतात. त्याच घ्याव्यात. सुट्या पावडरीत रंगद्रव्याचं प्रमाण बाटलीगणिक बदलू शकतं, आणि रंग जास्त पडला तर तो उडायला जास्त वेळ लागतो, म्हणजे वाईट दूधही बरं ठरतं. गोळीच्या पाकिटावर जितकं पाणी लिहिलं असेल तितकंच, तेही उकळून निर्जंतुक केलेलं डिस्टिल्ड पाणी घ्यायचं. गोळीचं वजन आणि पाण्याचं प्रमाण उत्पादकागणिक वेगळं असतं, त्यामुळे जुन्या गोळीची सवय नव्या गोळीला लावू नये. शेवटी नळीतल्या मिश्रणात रंगाचं प्रमाण साधारण अडीच ते तीन लाखांत एक भाग इतकं विरळ राहतं.

द्रावण तपकिरी बाटलीत, बूच लावून, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवा. बाटलीवर केल्याची तारीख लिहा. रोजच्या कामापुरतं द्रावण छोट्या निर्जंतुक बाटलीत काढून घ्या आणि उरलेलं परत मोठ्या बाटलीत ओतू नका. पिपेट थेट मोठ्या बाटलीत घालण्याची सवय असेल तर ती मोडा, कारण द्रावणात जंतू शिरले की त्या आठवड्याचे सगळेच निकाल घसरतात आणि कारण लवकर सापडत नाही.

नळ्या आणि नमुना

परीक्षानळ्या साधारण 150 मिलिमीटर लांब आणि 16 मिलिमीटर रुंद, 10 मिलिलिटरची खूण असलेल्या. ऑटोक्लेव्ह नसेल तर प्रेशर कुकर चालतो: नळ्यांच्या तोंडाला कापूस किंवा फॉइल लावून 15 पौंड दाबावर वीस मिनिटं. रबरी बुचं आणि पिपेटही त्यातच. धुतल्यावर नळीत साबणाचा किंवा क्लोरीनचा अंश राहिला तर जंतू दबतात आणि वेळ खोटी वाढते, म्हणून शेवटचं खळबळणं डिस्टिल्ड पाण्याने करा.

नमुना घेण्याआधी कॅनमधलं दूध प्लंजरने वरखाली नीट ढवळा. साय वर येताना जंतूंनाही वर घेऊन येते, त्यामुळे न ढवळता वरून घेतलेला नमुना वाईट दिसतो आणि तळातून घेतलेला चांगला. एका कॅनमधून दुसऱ्यात जाताना डिपर आणि प्लंजर आधी स्वच्छ पाण्याने धुवा आणि मग उकळत्या पाण्यात बुडवा. हे केलं नाही तर वाईट कॅननंतर येणारा चांगला कॅन विनाकारण बदनाम होतो. वहीत सलग दोन उत्पादकांचे निकाल पुन्हा पुन्हा एकत्र घसरताना दिसले, तर मी आधी नमुना घेण्याचा क्रम पाहतो. क्रम उलटा केल्यावर दुसरा उत्पादक सुधारला, तर दोष डिपरचा.

नमुने लगेच लावायचे नसतील तर बर्फात ठेवा. बाहेर राहिलेल्या नमुन्यात जंतू वाढतात आणि तो वेळ उत्पादकाच्या खात्यावर पडतो.

नळी लावणं

नळी किंचित तिरकी धरून 10 मिलिलिटर दूध घाला आणि आतली एक बाजू कोरडी राहू द्या. मग वेगळ्या पिपेटने 1 मिलिलिटर रंग त्या कोरड्या बाजूने सोडा. रंगाच्या पिपेटचं टोक दुधाला किंवा ओल्या काचेला लागता कामा नये, कारण लागलं तर एका नळीतलं दूध पुढच्या सगळ्या नळ्यांत आणि बाटलीतही जातं. पिपेटला रबरी फुगा लावा, तोंडाने ओढू नका.

बूच लावताना त्याच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नका. नळी दोनदा सावकाश उलटी करा म्हणजे रंग सारखा मिसळेल, आणि पाच मिनिटांच्या आत वॉटर बाथमध्ये ठेवा. बाथचं पाणी 37 अंश सेल्सिअसला स्थिर हवं आणि नळीतल्या दुधाच्या पातळीपेक्षा वर हवं. झाकण लावा. बाथच्या आकड्यावर विसंबू नका. त्यात एक साधा थर्मामीटर कायम उभा ठेवा. पाणी दोन अंशांनी थंड असलं तरी जंतू मंदावतात आणि सगळं गाव चांगलं दूध घालतंय असं वाटू लागतं.

सोबत दोन तुलनेच्या नळ्या हव्यात. कुठल्याही दोन-तीन कॅनचं मिसळलेलं दूध निर्जंतुक नळ्यांत घेऊन तीन मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवा आणि थंड करा. एका नळीत 1 मिलिलिटर साधं पाणी घाला: रंग पूर्ण उडाल्यावर दूध कसं दिसतं ते ती दाखवते. दुसरीत 1 मिलिलिटर रंग घाला: न उडालेला निळा म्हणजे किती निळा, ते ती सांगते. या दुसऱ्या नळीचं आणखी एक काम आहे. तिच्यातले जंतू उकळून मेलेले असतात, म्हणून ती दिवसभर निळी राहायला हवी. ती दुपारपर्यंत फिकट झाली, तर तुमचा रंग, काच किंवा बूच यांपैकी काहीतरी अस्वच्छ आहे. त्या दिवसाचे निकाल वहीत लिहा, पण त्यांवरून कोणाला काही बोलू नका.

वेळ वाचणं

पहिलं वाचन अर्ध्या तासाने, त्यानंतर दर तासाला. रंग जवळपास सगळा उडून फक्त वरचा 5 मिलिमीटरचा थर निळा उरला असेल तर रंग उडाला असंच धरायचं. ज्या नळीत अजून काहीच सुरू झालेलं नाही ती प्रत्येक वाचनाला एकदा सावकाश उलटी करून परत ठेवा, म्हणजे सायीबरोबर वर गेलेले जंतू पुन्हा खाली येतील. ज्या नळीत रंग उडायला सुरुवात झाली आहे तिला हात लावू नका. ती उलटी केली तर वरची हवा आत जाऊन रंग परत चढतो आणि तुम्ही त्या उत्पादकाला फुकटचे गुण देता.

नोंद पूर्ण तासांत करतात. अर्ध्या तासाच्या वाचनाला नळी पांढरी असेल तर अर्धा तास लिहायचा. अर्ध्या तासाला निळी आणि दीड तासाला पांढरी असेल तर 1 तास. दीड तासाला निळी, अडीच तासाला पांढरी, तर 2 तास. भारतीय मानक IS 1479 नुसार 5 तास किंवा त्याहून जास्त म्हणजे अति उत्तम, 3 ते 4 तास उत्तम, 1 ते 2 तास मध्यम आणि अर्धा तास म्हणजे निकृष्ट. अमेरिकी पुस्तकांत 8 आणि 6 तासांच्या पायऱ्या दिसतात. दोन्ही तक्ते एकमेकांत मिसळू नका. जी पद्धत वापरता तिचाच तक्ता वापरा.

एक सकाळ, पाच नळ्या

समजा पाच उत्पादकांचे नमुने, अ ते इ, सकाळी 7:20 ला बाथमध्ये गेले. 7:50 ला सगळे निळे. सगळ्या नळ्या एकदा उलट्या केल्या. 8:50 ला क पूर्ण पांढरा, वर बारीक निळी कड. नोंद: 1 तास. बाकीच्या चार निळ्या. 10:50 ला ब अजून निळा होता, 11:50 ला पांढरा: नोंद 4 तास. 12:50 ला अ, ड आणि इ तिघेही निळे, म्हणून तिघांपुढे 5 तासांहून जास्त असं लिहिलं. इथे बहुतेक लोक नळ्या धुवायला टाकतात. त्या आणखी तीन तास राहू द्या. 3:50 ला अ आणि ड पांढरे झाले, पण इ मात्र तुलनेच्या निळ्या नळीइतकाच गडद.

म्हणजे या सकाळी चौकशी दोघांची करायची आहे, क ची आणि इ ची.

आधी इ घेऊ, कारण तोच वहीत सगळ्यांत चांगला दिसतो. खरंच इतकं स्वच्छ दूध असू शकतं. पण हायड्रोजन पेरॉक्साइड, फॉर्मेलिन किंवा औषध चालू असलेल्या जनावराच्या दुधातलं अँटिबायोटिक यांनीही जंतू दबतात आणि रंग टिकतो. पेरॉक्साइड तर वरून ऑक्सिजनही पुरवतो. फरक कसा ओळखायचा? दुसऱ्या दिवशी क च्या दुधाच्या तीन नळ्या लावा. पहिलीत नुसतं क चं 10 मिलिलिटर दूध. दुसरीत 5 मिलिलिटर क आणि 5 मिलिलिटर अ. तिसरीत 5 मिलिलिटर क आणि 5 मिलिलिटर इ. दुसऱ्या नळीत जंतू निम्मे झाल्यामुळे ती पहिलीनंतर थोड्या वेळाने पांढरी होईल. इ चं दूध फक्त स्वच्छ असेल तर तिसरी नळी दुसरीच्या आसपासच पांढरी होईल. तिसरी खूप मागे राहिली, तर इ च्या दुधात काहीतरी आहे जे क च्या जंतूंनाही दाबतं. तेव्हा भेसळीची आणि अँटिबायोटिकची वेगळी तपासणी करा. तोपर्यंत आरोप करू नका, कारण कासेला लावलेल्या औषधाचे दिवस पाळायचे असतात हे त्या घरात कोणी सांगितलेलंच नसेल, असंही असतं.

सोडा घालून आम्लता लपवलेलं दूध मात्र या चाचणीतून सहसा सुटत नाही. सोड्याने आम्ल मारलं जातं, जंतू तिथेच राहतात. आम्लता सामान्य आणि रंग अर्ध्या तासात गेलेला, अशी जोडी दिसली तर ते तपासा.

क च्या गोठ्यावर

आता क. एका तासाच्या निकालावरून जंतू कुठून आले ते कळत नाही. त्यासाठी दुसऱ्या दिवशी तीन ठिकाणी नमुने घ्यायचे. सोबत निर्जंतुक बाटल्या, कागदी पट्ट्या आणि बर्फाचा डबा. पहिला नमुना धार काढून झाल्याबरोबर बादलीतून. दुसरा ते दूध कॅनमध्ये ओतून ढवळल्याबरोबर. तिसरा तोच कॅन केंद्रावर पोचल्यावर. तिन्ही बर्फात ठेवून केंद्रावर एकाच वेळी एकाच बाथमध्ये लावा. बर्फ विसरलात तर पहिल्या दोन बाटल्यांत वाटेतच जंतू वाढतील आणि तिन्ही आकडे एकसारखे येतील.

समजा बादलीचा नमुना 5 तासांहून जास्त टिकला, कॅनचा 2 तास आणि केंद्रावरचा 1 तास. दूध जनावरापासून चांगलं निघालं, कॅनमध्ये पडताच बिघडलं आणि वाटेत आणखी घसरलं. मुख्य दोष कॅनचा. मग कॅन उन्हात नेऊन आत बोट फिरवा. मानेखालच्या वळणात, झाकणाच्या रबरी कडीखाली आणि पोचा पडलेल्या जागी पिवळट, खडबडीत थर लागेल. तो दुधातल्या क्षारांचा आणि प्रथिनांचा असतो, आणि त्याच्या भेगांत जंतू टिकून राहतात. नुसत्या साबणाने तो निघत नाही. आम्लयुक्त डेअरी क्लिनर लावून घासावा लागतो. त्यानंतर रोजचा क्रम: आधी साधं पाणी, मग गरम पाण्यात धुण्याचा सोडा आणि ब्रश, मग कडक पाणी, आणि शेवटी कॅन उलटा करून झाकण वेगळं ठेवून वाळवणं. फडक्याने पुसायचा नाही. त्या फडक्यातूनच बऱ्याचदा सगळं परत आत जातं. रबरी कडी चिरलेली असेल तर बदला.

बादली आणि कॅन दोन्ही चांगले आले आणि केंद्रावरचा नमुना पडला, तर कारण वेळ आणि ऊब. कॅन किती वाजता भरतो, कुठे ठेवतात आणि रात्रीचं दूध सकाळच्यात मिसळतात का, ते विचारा.

बादलीतलाच नमुना एका-दोन तासांत पांढरा झाला, तर बादली आधी पाहा. ती स्वच्छ असेल तर जनावराकडे वळा. कासदाह झालेल्या जनावराच्या दुधात पांढऱ्या पेशी भरपूर असतात आणि त्या स्वतः ऑक्सिजन वापरतात, त्यामुळे बाहेरचे जंतू फार नसतानाही रंग लवकर उडतो. चिकात आणि आटत आलेल्या जनावराच्या दुधातही असंच दिसतं. प्रत्येक सडाची पहिली धार काळ्या पृष्ठभागाच्या वाटीत घेऊन गुठळ्या दिसतात का ते पाहा, आणि कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट करा. चार जनावरांचं दूध एकत्र तपासून मालकाला दोष देण्यापेक्षा त्या एका सडापर्यंत पोचलेलं बरं.

कॅन साफ केल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी निकाल सुधारला तरी तिथे थांबू नका. आठवडाभराने पुन्हा तेच तीन नमुने घ्या. थर नीट निघाला नसेल तर मधला आकडा परत खाली येतो.

थंड दूध: इथे या चाचणीवर भरवसा नको

बल्क कूलरमध्ये 4 अंशांला राहिलेल्या दुधावर हाच तक्ता लावला तर निकाल फसवा येतो, आणि त्याची कारणं दोन आहेत. थंड दुधात ऑक्सिजन जास्त विरघळतो, त्यामुळे तो संपवायलाच वेळ जातो. शिवाय थंडीत वाढणारे जंतू, स्यूडोमोनासच्या गटातले, 37 अंशांला मंद काम करतात. ते भरपूर असले तरी नळी तासन्‌तास निळी राहू शकते, आणि तेच जंतू नंतर दुधाला कडवट चव आणतात. पाश्चरीकरणातून वाचणारे जंतूही रंग उडवायला असेच संथ असतात. त्यामुळे कूलरमधल्या दुधासाठी प्लेटवरची मोजणी हवी. काही प्रयोगशाळा नमुना आधी 13 अंशांला 18 तास ठेवून मग तपासतात, म्हणजे थंडीतले जंतू वाढून दिसू लागतात.

उलट कॅनमधून न थंडावता, काही तासांत केंद्रावर येणाऱ्या दुधात बहुधा लॅक्टिक जंतू आणि कोलीफॉर्म असतात, आणि ते रंग झपाट्याने उडवतात. म्हणून ही चाचणी कॅन उतरतात त्या जागेची आहे. कूलर बसवला तरी उत्पादकागणिक नमुने त्यात दूध ओतण्याआधीच घ्या. एकदा सगळं एकत्र झालं की कोणाचा कॅन पाहायचा, हे कुठलीही नळी सांगू शकणार नाही.